प्रोटीन वाढवायचंय? आधी लघवीची टेस्ट कर

भावा, किडनी ठणठणीत असेल तर प्रोटीन वाढवल्याने ती खराब होते याला भक्कम पुरावा नाही. जास्त प्रोटीन खाल्लं की किडनी थोडं जास्त गाळते, हा तिचा नॉर्मल प्रतिसाद. तुझं वजन ६० किलो असेल, तर जिमसाठी किलोमागे दीड ग्रॅम म्हणजे दिवसाला ९० ग्रॅम पुरे. आत्ता ५० च्या आसपास खात असशील तर एक मोठा बांगडा, दोन अंडी आणि वाटीभर कुळथाची पिठी एवढ्यात बरीचशी कसर भरून निघेल, लगेच प्रोटीन पावडरचा डबा घ्यायला धावू नको.

पण खरी गडबड अशी की किडनीचा आजार सुरुवातीला काहीच दुखत नाही, त्यामुळे "मला काय झालंय" म्हणणाऱ्यालाच तो नंतर कळतो. म्हणून आधी डॉक्टरला विचारायचं ते या लोकांनी:

- डायबेटीस किंवा बीपी असलेले
- एकच किडनी, मुतखडा होऊन गेलेले, किंवा घरात कुणाला किडनीचा आजार
- लघवीला सतत फेस येणारे, पाय सुजणारे

टेस्ट दोन, रक्तातलं क्रिएटिनीन (त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, काढतात) आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रोटीन, दुसरी लोक हमखास विसरतात आणि बिघाड बऱ्याचदा आधी तिथेच दिसतो. क्रिएटिन पावडर चालू असेल तर डॉक्टरला नक्की सांग, तिच्याने किडनी बरी असतानाही क्रिएटिनीन वाढलेलं दिसू शकतं. आणि बीपी असेल तर प्रोटीनसाठी खारवलेल्या सुक्या मासळीवर भर नको, मीठ फार जातं.