वर्षाला किती पडतो, ते बघून फोन घेणं

प्रश्न: स्वस्त फोन दर दोन-तीन वर्षांनी बदलावा की एकदाच महाग घ्यावा? पुढे विकून येणारे पैसे धरून हिशोब कसा करायचा?

खरेदीच्या किमतीत दुरुस्तीचा खर्च मिळवा, विकून येतील ते पैसे वजा करा आणि वापराच्या वर्षांनी भागा. भागाकार सोपा आहे. गणित फसतं ते वर्षं किती धरायची तिथे.

फोनचं आयुष्य बऱ्याचदा सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार यावर ठरतं. गूगलने पिक्सेल 8 पासून आणि सॅमसंगने एस मालिकेत गॅलेक्सी एस24 पासून 7 वर्षांची हमी दिली आहे, पण ती मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजतात. सवलतीत मिळणारं जुनं मॉडेल घेताना गेलेली वर्षं आधी वजा करा.

आता महाग फोनची नवी किंमत 100 धरू. पाच वर्षं वापरला, मध्ये बॅटरी बदलायला 8 गेले आणि शेवटी विकून 15 आले, तर 93 भागिले 5, म्हणजे वर्षाला 18.6. स्वस्त फोन 40 चा, अपडेटची 3 वर्षं शिल्लक, विकून 4 येतात: वर्षाला 12. महाग फोन पूर्ण 7 वर्षं चालवून 5 ला विकला तरी 14.7 पडतो. त्यामुळे 'महाग तेच शेवटी स्वस्त' हे मला सरसकट पटत नाही.

पण तोच महाग फोन एक वर्ष वापरलेला 60 ला मिळाला तर? बॅटरीचे 8 घाला, पाच वर्षांनी 8 ला विका. वर्षाला 12 च! किंमत सर्वांत जोरात घसरते ती पहिल्या वर्षात, आणि ती घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. मी हाच मार्ग सुचवेन. फक्त घेण्याआधी बॅटरीची उरलेली क्षमता बघा. ती 80 टक्क्यांच्या खाली असेल तर बदलण्याचा खर्च किमतीतून कमी करून मागा.

विक्रीचा आकडा सगळ्यात बेभरवशाचा. त्याच कंपनीचं त्याच दर्जाचं, तितकंच जुनं मॉडेल आज प्रत्यक्षात कितीला जातं ते पाहा. जाहिरातीतल्या अपेक्षित किमतीवर जाऊ नका. मग तो आकडा शून्य धरून पुन्हा भागा. वरच्या उदाहरणात पाच वर्षं चालवलेला नवा महाग फोन 21.6, स्वस्त 13.3 आणि वापरलेला 13.6 पडतो. शेवटच्या दोघांत फरक नावापुरताच, म्हणजे निर्णय बदलत नाही. तुमच्या हिशोबात बदलत असेल, तर तुम्ही फोन घेत नसून भविष्यातल्या गिऱ्हाईकावर पैज लावताय.

फ्रिज, वॉशिंग मशीनला मात्र विक्रीचा आकडा सरळ शून्यच धरा. तिथे वर्षाचं वीजबिल मिळवा आणि सुटे भाग मिळतात का ते विचारा. काही मशीनमध्ये टब सीलबंद असतो, मग बेअरिंग गेलं की अख्खा टब बदलावा लागतो. हे दुकानदारापेक्षा दुरुस्ती करणारा माणूस जास्त खरं सांगेल.