कार्व्होनमधला कायरल कार्बन कसा ओळखायचा?

प्रश्न: कार्व्होनच्या वलयात चार वेगळे गट जोडलेला कार्बन मला सापडत नाही. तो नेमका कोणता?

उत्तर: आधी वगळायला सुरुवात करा. दुहेरी बंध असलेल्या कार्बनला चार गट नसतातच, आणि CH₃ किंवा CH₂ यांवर एकसारखे हायड्रोजन असतात. त्यामुळे दहापैकी नऊ कार्बन लगेच बाद होतात. उरतो तो आयसोप्रोपेनिल गट धरून ठेवणारा पाचव्या क्रमांकाचा कार्बन.

बहुतेकांची चूक इथेच होते. या कार्बनच्या दोन्ही बाजूंना CH₂ दिसतो, म्हणून ते दोन गट सारखेच मानले जातात. पण तुलना शेजारच्या अणूवर थांबवायची नसते, तर फरक सापडेपर्यंत वलयातून दोन्ही दिशांनी पुढे जायचे असते. एका बाजूने पुढच्याच पावलावर C=O लागतो, तर दुसऱ्या बाजूने C=C. म्हणजे हायड्रोजन, आयसोप्रोपेनिल आणि वलयाच्या या दोन भिन्न वाटा असे चार वेगळे गट झाले.

असा कार्बन एकच असल्यामुळे कार्व्होनची दोन आरसा-प्रतिरूपे संभवतात, आणि ती नाकालाही वेगळी कळतात: R रूपाला पुदिन्याचा वास येतो, तर S रूप शेपूच्या बियांच्या तेलात असते. असे कार्बन दोन असतील तर मात्र सावध राहा, कारण मेसो टार्टारिक आम्लात ते असूनही रेणू कायरल नसतो.