एक लिटर तेल म्हणजे किती किलो?

प्रश्न: मेससाठी सोयाबीन तेलाचे डबे घ्यायचे आहेत. एक दुकानदार १५ लिटरचा भाव सांगतो, दुसरा १५ किलोचा. तुलना कशी करू?

उत्तर: लिटरला ०.९१ ने गुणा, किलो मिळतात. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून लिटरची पिशवी साधारण ९१० ग्रॅमच भरते. शेंगदाणा, सूर्यफूल यांनाही हाच आकडा चालतो.

समजा १५ लिटरचा डबा २,१०० रुपयांना आणि १५ किलोचा २,२५० ला आहे. पहिल्यात तेल १५ × ०.९१ = १३.६५ किलो, म्हणजे किलोला जवळपास १५४ रुपये. दुसरा १५० ने पडतो. स्वस्त दिसणारा डबाच महाग निघाला! दोन्ही डबे दिसायला सारखेच असतात, त्यामुळे गफलत इथेच होते.

तेल तापलं की फुगतं, वजन मात्र तेवढंच राहतं. सोयाबीनचं एक लिटर २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांना ८९३च्या आसपास भरतं. म्हणून सौदा किलोवरच करा. डब्यावरचं निव्वळ वजन वाचा आणि शंका आली तर काट्यावर ठेवून रिकाम्या डब्याचं वजन वजा करा.