आधीच्या साहेबांचं नाव घ्याच, पण कामासकट

प्रश्न: "१ ऑगस्टपासून सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून जातोय. आधीचे साहेब बरीच वर्षं होते, जूनअखेर सोडून गेले. टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आभाराचा पहिला मेसेज टाकायचाय. आधीच्या साहेबांचं नाव घ्यावं का? आणि इंग्रजीत टाकला तर चालेल का?"

घ्याच. नव्या माणसानं जुन्याचं नाव घेतलं की वचक राहत नाही, असं सांगणारे शहाणे तुम्हाला ऑफिसात भेटतील. हा वाद घालणारा माणूस सहसा केबिनमधून बाहेर पडलेला नसतो. तुम्ही नाव घ्या नाहीतर नका घेऊ, शेडमध्ये पुढचे काही महिने "आधीचे साहेब असं करायचे" हे ऐकू येणारच. मेसेजमध्ये त्यांचा उल्लेख नसेल तर ते तुमच्या पाठीमागे बोललं जाईल, असेल तर तोंडावर. तोंडावर आलेलं परवडतं, कारण त्यातच कारखान्याची निम्मी माहिती असते. दुसरं म्हणजे, त्यांच्या काळात जे काम झालं ते याच लोकांच्या हातून झालं. साहेबांना गाळलं की या लोकांची तेवढी वर्षंही गाळली जातात, आणि ते त्यांना बरोबर कळतं.

मात्र नाव घ्यायचं म्हणजे "त्यांच्या अमूल्य योगदानाबद्दल आपण सदैव ऋणी राहू" असं नाही. हे निरोप समारंभातलं वाक्य झालं. शेडमध्ये पाऊल न टाकताही कुणी ते लिहू शकतं, आणि तुम्ही त्या माणसाबरोबर एक दिवसही काम केलेलं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी लावलेली एकच पद्धत निवडा. ती आजही शेडमध्ये चालू दिसली पाहिजे, सुरू करायचा निर्णय त्यांचा असला पाहिजे आणि पाळणारे हात टीमचे असले पाहिजेत. या तिन्हींत बसणारं काम एकच सापडतं बहुधा, आणि तेवढं पुरतं.

टॉवेलच्या कारखान्यात असं काय असू शकतं ते सांगतो. टेरी टॉवेलच्या मागाला ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, दोन बीम असतात, एक जमिनीचा आणि एक पाइलचा. पाइलचा बीम सैल सुटतो, त्यातूनच वरचे फासे उभे राहतात. बीम बदलला की सूत सोडण्याचं गणित थोडं इकडेतिकडे होतं. सूत जास्त सुटलं तर टॉवेल जड होतो आणि जास्तीचं सूत फुकट जातं. कमी सुटलं तर टॉवेल हलका भरतो आणि पार्टी माल परत पाठवते. समजा, आधीच्या साहेबांनी नियम लावला होता की बीम बदलल्यावर पहिला टॉवेल काट्यावर ठेवायचा, वजन मागाच्या कार्डावर लिहायचं आणि मगच माग पुढे चालवायचा. शेडमध्ये गेल्यावर ही कार्डं अडकवलेली दिसली आणि त्यावर कालची तारीख असली, तर तुमचं वाक्य सापडलं.

पण सापडलं म्हणून लगेच लिहू नका. जॉबर म्हणजे पाळीतले माग सांभाळणारा माणूस. दिवसपाळीच्या आणि रात्रपाळीच्या जॉबरला वेगवेगळं विचारा, "हे कार्ड कोणी सुरू केलं?" इथंच नवे मॅनेजर फसतात. मालक सांगतात साहेबांनी केलं, आणि प्रत्यक्षात ते रात्रपाळीच्या जॉबरनं स्वतःच्या डोक्यानं सुरू केलेलं असतं, साहेबांनी फक्त ते सगळ्या मागांना लावलं. चुकीचं श्रेय गेलं की ग्रुपवर कुणी काही बोलत नाही, चहाच्या टपरीवर बोलतात. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर तो मुद्दा सोडा, दुसरा शोधा. जुळली तर वाक्यात दोघांनाही जागा द्या: साहेबांनी पद्धत लावली, तुम्ही ती पाळली. अर्धंच लिहिलं तर एकतर ती साहेबांची आरती होते, नाहीतर टीमची खुशामत.

जमलं तर आधीच्या साहेबांना फोन करा. तुमचं नाव घेतोय, चालेल ना, एवढं विचारा. मग दुसरा प्रश्न विचारा, तो जास्त महत्त्वाचा आहे: तोंडी शब्द कोणाकोणाला दिलेत? उचल, पाळी बदलून देणं, सुट्टी हे सगळं बहुतेक कारखान्यांत तोंडीच चालतं. तुम्ही ऑगस्टमध्ये जाताय आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथोत्सव असतो. पद्मशाली समाजाची माणसं शेडमध्ये असतील तर त्या दिवसाच्या सुट्टीचं बोलणं आधीच झालेलं असेल. ते मालकांकडून पक्कं करून घ्या आणि मेसेजमध्ये टाका. आभाराच्या दहा ओळींनी होत नाही ते सुट्टीच्या या एका ओळीनं होतं.

तुमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. साहेब जूनअखेर गेले, तुम्ही ऑगस्टला येताय. मधला जुलै महिना कारखाना मॅनेजरशिवाय चालला. खरे आभार त्या महिन्याचे माना. जुलैत किती ऑर्डरी गेल्या ते डिस्पॅचच्या वहीत बघा आणि जे खरं असेल तेवढंच लिहा. माल उशिरा गेला असेल तर "वेळेत गेला" लिहू नका, "माग बंद पडू दिले नाहीत" लिहा.

आता मसुदा. "अमुक" म्हटलंय तिथं आडनाव घाला.

"सर्वांना नमस्कार. आजपासून मी प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून कामाला लागतोय. बीम बदलल्यावर पहिला टॉवेल वजन करून कार्डावर लिहायची पद्धत अमुक साहेबांनी लावली आणि दोन्ही पाळ्यांनी ती आजपर्यंत पाळली, हे कार्डं बघून कळलं. ती तशीच चालू राहील. जुलै महिनाभर मॅनेजर नसताना वार्पिंग, कांडी, माग, मेंटेनन्स, चेकिंग, शिलाई आणि पॅकिंग या सगळ्या खात्यांनी काम थांबू दिलं नाही, त्याबद्दल मनापासून आभार. ऑगस्टमधल्या पाळ्या आणि रथोत्सवासह आधी मंजूर झालेल्या सुट्ट्या बदलणार नाहीत. अमुक साहेबांशी काही बोलणं झालं असेल आणि ते राहिलं असेल, तर मला येऊन सांगा. या आठवड्यात दोन्ही पाळ्यांच्या सुरुवातीला मी शेडमध्येच असेन."

एवढंच. याहून लांब केलात तर व्हॉट्सअ‍ॅप मेसेज दुमडतं आणि शेवटच्या ओळी उघडून कोणी वाचत नाही, आणि कामाच्या ओळी शेवटीच आहेत. तुमचं शिक्षण आणि आधीची कंपनी यात नाही, ते मुद्दाम. "कारखान्याला नव्या उंचीवर नेऊ" हेही नाही, कारण ते वाचून लोक पहिला अर्थ काढतात की आता टार्गेट वाढणार. "काहीच बदलणार नाही" असंही लिहिलेलं नाही. बदल तुम्हाला करावाच लागेल, आणि त्या दिवशी हाच मेसेज कुणीतरी तुमच्यासमोर धरेल. म्हणून ऑगस्ट म्हटलंय, पाळ्या आणि सुट्ट्या म्हटलंय, त्यापुढचं काही नाही.

खात्यांची नावं घेतलीत, माणसांची नाही, याकडेही लक्ष द्या. तीन माणसांची नावं घेतलीत की उरलेले आपलं का नाही याचा हिशोब करत बसतात. खात्यांतलं एक सुटलं तरी तेच. सगळ्यात जास्त विसरले जातात ते वायरमन आणि शिलाईतल्या बायका, म्हणून यादी हजेरीच्या वहीवरून करा, आठवणीवरून नाही.

आता वेळ. मालकांनी तुमची ओळख ग्रुपवर करून दिल्याशिवाय तुमचा मेसेज जाता कामा नये. पाळ्या सात ते सात असतील तर सकाळी सातच्या थोडं आधी टाका, म्हणजे रात्रपाळी घरी जाताना वाचते आणि दिवसपाळी येताना. सकाळी अकराला टाकलात तर रात्रपाळी झोपेत असते, आणि उठल्यावर तिला आधी दुसऱ्यांची उत्तरं दिसतात, मग तुमचा मेसेज.

इंग्रजीचं विचारलंत. नाही चालणार. हेड ऑफिसला वेगळा मेल हवा असेल तर तो इंग्रजीत लिहा. शेडसाठी मराठी, आणि घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे बरेच असतील तर जॉबरला तोच मजकूर त्यांच्या भाषेत पाळीच्या तोंडाशी सांगायला लावा. स्मार्टफोन नसलेल्यांनाही तो तिथंच कळतो. जॉबरला आदल्या दिवशी वाचायला द्या. तो एखाद्या शब्दावर अडला तर शब्द बदला.

तुमच्या जागेसाठी आतलंच कोणीतरी उत्सुक असण्याची दाट शक्यता आहे, जुलै महिना बहुतेक त्यानंच ओढला असेल. त्याला मेसेजच्या आधी समोरासमोर भेटा. ग्रुपवर त्याचे वेगळे आभार मानू नका, सगळ्यांसमोर सांत्वन केल्यासारखं होतं. आणि आधीचे साहेब अजून ग्रुपमध्ये असतील तर घाईनं काढू नका. आभाराच्या मेसेजच्या आसपास त्यांना काढल्याचं दिसलं तर मेसेजचा काही उपयोग राहत नाही. निघायचं त्यांचं त्यांना ठरवू द्या, किंवा मालकांना बोलू द्या.

मेसेजखाली नमस्काराचे हात पन्नास आले तरी त्यातून काही समजत नाही, ते मालकांच्या वाढदिवसालाही येतात. त्या आठवड्यात एखादा माणूस येऊन "साहेबांनी मला पाळी बदलून देतो म्हटलं होतं" असं सांगतो का, ते बघा. आला तर मेसेज पोचला. कोणीच आलं नाही तर शेवटच्या दोन ओळी जॉबरमार्फत पुन्हा सांगा.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. साहेब "सोडून गेले" असं तुम्ही लिहिलंय, पण ते खरंच स्वतःहून गेले का, हे मालकांकडून कळल्याशिवाय यातलं काही पाठवू नका. पैशाच्या भानगडीत किंवा कुणाच्या तक्रारीवरून त्यांना काढलं असेल, तर त्यांना फोन करू नका आणि नावाची ओळ गाळा. "कार्डाची पद्धत चांगली आहे, दोन्ही पाळ्यांनी पाळली" एवढंच ठेवा. शेवटून दुसरी ओळ मात्र "आधी काही बोलणं झालं असेल तर" अशी करून ठेवाच, कारण तोंडी शब्द दिलेले असतातच. आणि तक्रार शेडमधल्याच कुणाची असेल, तर आभाराच्या मेसेजआधी त्या माणसाला भेटा.