गोळी आईची, हिशोब बाळाचा

"मॅडम, दाढ काढली. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आहेत. लेक तीन महिन्यांची. दूध पाजू, की पिळून फेकू?"

स्तनपान समुपदेशनात हा प्रश्न मला जवळजवळ दर आठवड्याला ऐकायला मिळतो. मानेवाड्याची ही आई आली तेव्हा दोन दिवस दूध फेकून तिच्या छातीत दगडासारख्या गाठी झाल्या होत्या. सोबत सासूबाई होत्या. "औषध दुधात उतरतंच ना जी?" त्यांनी विचारलं.

उतरतं. पण किती, ते पाहायला हवं. पूर्वी मी "सुरक्षित आहे" म्हणून मोकळी होत असे आणि आया घरी जाऊन दूध फेकतच राहत. आता मी कागद घेते.

पॅरासिटामॉल 650 ची गोळी दिवसातून तीनदा, म्हणजे 1950 मिलिग्रॅम. आईचं वजन 60 किलो, म्हणून किलोमागे साधारण 32. दुधातून बाळाला किलोमागे त्याच्या साधारण नऊ टक्के मिळतं, म्हणजे तीनेक मिलिग्रॅम. लेक पाच किलोची, तेव्हा दिवसभरात पंधरा.

"लस दिल्यावर ताप आला तेव्हा डॉक्टरांनी हिला थेंब किती सांगितले होते?"

"0.6 मिली."

त्या थेंबांच्या एका मिलीत 100 मिलिग्रॅम असतं. म्हणजे एका वेळी 60. ती कागदाकडे बघत राहिली. "म्हणजे दिवसभराच्या दुधातून तिला त्या एका डोसाचा पावच भाग जातो?" हे वाक्य तिच्या तोंडून यावं म्हणूनच मी थांबले होते. आईने स्वतः केलेला हिशोब टिकतो, असं माझं ठाम मत आहे.

आईच्या किलोमागच्या डोसाशी बाळाच्या किलोमागच्या डोसाचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत असेल तर बहुतेक औषधं निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला चालतात. तिला दिलेलं आयबुप्रोफेन एक टक्काही भरत नाही, कारण ते रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून राहतं. अमॉक्सिसिलिन एका टक्क्याच्या आसपास. त्याने कधी बाळाला पातळ शी होते किंवा तोंडात पांढरे डाग येतात, तेवढं बघायचं. दूध फेकल्याने औषध लवकर संपत नाही. रक्तातलं प्रमाण उतरलं की दुधातलंही आपोआप उतरतं.

मग मी पिशवीतली सगळी पाकिटं मागितली. दुखणं फार वाढलं तर घ्यायच्या गोळीत पॅरासिटामॉलसोबत ट्रामाडॉल होतं. इथे टक्केवारी पुरत नाही. काही आयांच्या शरीरात त्याचं तीव्र रूप भराभर तयार होतं, त्याने बाळ गुंगीत जातं, श्वास मंदावतो. कोडीनचंही तेच. गोळी तिने अजून फोडली नव्हती. माझ्यासमोरच तिने दंतवैद्यांना फोन लावून दूध पाजत असल्याचं सांगितलं. त्यांनी ती गोळी बंद करून आयबुप्रोफेनवरच राहायला सांगितलं.

बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा महिन्याच्या आतलं असेल, तर हा हिशोब मी एकटी करत नाही, बालरोगतज्ज्ञांना विचारते.

सासूबाईंनी नातीला उचलून सुनेच्या मांडीवर दिलं. "पाज आधी," त्या म्हणाल्या, "किती ताटलं आहे ते."