पायाभूत सुविधा प्रकल्पाच्या केस स्टडीत विरोध करणारे नागरिक पॉवर-इंटरेस्ट ग्रिडच्या कोणत्या चौकोनात टाकू? आणि एंगेजमेंट मॅट्रिक्समध्ये त्यांच्यापुढे काय लिहू?

आधी ग्रिडवर तारीख घाला, कारण चौकोन तारखेप्रमाणे बदलतो. जर्मनीतला श्टुटगार्ट २१ हा रेल्वे प्रकल्प घ्या. जमिनीवरच्या १६ रुळांच्या टर्मिनसऐवजी ८ रुळांचं भुयारी स्टेशन, ही योजना १९९४ मध्ये जाहीर झाली. २००७ मध्ये विरोधकांनी शहरात सार्वमताची मागणी करत ६० हजारांहून जास्त सह्या दिल्या, पण नगरपरिषदेने ती फेटाळली. त्या दिवशीचा ग्रिड काढला तर इंटरेस्ट भरपूर, पॉवर कमी. बहुतेक विद्यार्थी इथेच 'माहिती देत राहा' लिहून पुढे जातात.

पुढे काय झालं ते बघा. ३० सप्टेंबर २०१० ला स्टेशनलगतच्या उद्यानातली झाडं तोडण्यासाठी पोलिसांनी आंदोलकांवर पाण्याचे फवारे मारले, शंभराहून जास्त लोक जखमी झाले. मार्च २०११ च्या राज्य निवडणुकीत १९५३ पासून सत्तेत असलेला पक्ष गेला आणि प्रकल्पविरोधी ग्रीन पक्षाचा मुख्यमंत्री आला. म्हणून पॉवर ठरवताना पद बघू नका. हा गट कोणता निर्णय अडवू, लांबवू किंवा महाग करू शकतो, आणि कोणत्या मार्गाने (कोर्ट, मतपेटी, रस्ता), हे विचारा. दोन तारखांचे दोन ग्रिड काढा आणि मध्ये बाण दाखवा.

'नागरिक' असा एकच ठिपकाही नको. नोव्हेंबर २०११ च्या राज्यव्यापी सार्वमतात जवळपास ५९ टक्के मतं राज्याने प्रकल्पातून माघार घेऊ नये अशी पडली. रस्त्यावर न उतरलेला हा मोठा गट आंदोलकांच्या ठिपक्यात कसा मावेल?

आता मॅट्रिक्स. अनभिज्ञ, विरोधी, तटस्थ, समर्थक, नेतृत्व करणारे असे पाच रकाने. 'सध्या' आणि 'अपेक्षित' अशा दोन खुणा. संघटित विरोधकांची 'सध्या'ची खूण विरोधी रकान्यात, आणि त्याला पुरावा त्यांच्या कृतीचा द्या. 'अपेक्षित' मात्र समर्थक लिहू नका, ते होणार नाही. तटस्थ लिहा, आणि तटस्थ म्हणजे काय तेही लिहा: प्रकल्प नको असला तरी निर्णयाची प्रक्रिया त्यांना मान्य असणं.

या दोन खुणांमधलं अंतर कमी करणारी कृती आक्षेपातूनच निघायला हवी. १६ रुळांचं काम ८ रुळांवर होईल का, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता. त्याला माहितीपत्रक उत्तर देऊ शकत नाही. २०१० च्या अखेरीस ज्येष्ठ राजकारणी हाइनर गाइसलर यांच्या मध्यस्थीत दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ टीव्हीवर थेट प्रक्षेपणात समोरासमोर बसले आणि नव्या स्टेशनची क्षमता तपासणारी चाचणी घ्यायचं ठरलं. गर्दीच्या तासात ३० टक्के जास्त गाड्या झेपतात का, हे त्यात बघायचं होतं. चाचणीनंतरही कट्टर विरोधक विरोधातच राहिले, तेव्हा त्यांची खूण हलवू नका. कुंपणावरच्या लोकांची वेगळी ओळ करून त्यांची हलली का ते तपासा.