पाटल्यांची जोडी आणि डीव्हीआरची सतरा मिनिटं

प्रश्न: नाशिकला आमचं १८ खोल्यांचं हॉटेल आहे. लग्नाला आलेल्या पाहुण्यांनी खोलीतून सोन्याचा दागिना गेला असं सांगितलं आणि "तुमच्या पोराची झडती घ्या" म्हणून अडून बसले. अशा वेळी नक्की काय करायचं, आणि काय लिहून ठेवायचं?

उत्तर:

झडती घेऊ नका. आधी हे ठाम ठरवा, बाकीचं नंतर. कर्मचाऱ्याला अंगावरचे कपडे उतरवायला लावण्याचा किंवा त्याच्या खिशात हात घालण्याचा अधिकार ना तुम्हाला आहे, ना पाहुण्यांना. त्याला खोलीत अडकवून ठेवलंत तर तो भारतीय न्याय संहितेनुसार वेगळा गुन्हा होतो, आणि मग चोरीची चौकशी बाजूला राहून तुमच्यावरच तक्रार होते. झडती घ्यायचीच असेल तर ती पोलीस घेतील. पाहुण्यांना हे शांतपणे, पण पहिल्याच पाच मिनिटांत सांगा.

मी गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात बरीच वर्षं ड्यूटी मॅनेजर होते. लग्नाच्या मोसमात अशा तक्रारी मी पुष्कळ हाताळल्या. त्यातली एक सविस्तर सांगते, कारण सगळी पद्धत तिच्यातच येते.

जळगावकडचं कुटुंब होतं, चार खोल्या घेतल्या होत्या. दुपारी ४:२० ला २०७ मधल्या काकू रिसेप्शनला आल्या. पाटल्यांची जोडी, चार तोळे, ड्रॉवरमधल्या छोट्या कापडी पाकिटातून गेली होती. बरोबर दीर होते, ते मोठ्याने बोलत होते. मी काकूंना आतल्या केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, "काकू, तुम्ही बोला, मी लिहिते. मध्ये कुणी बोलू नका." रिसेप्शनच्या काउंटरवर ही बोलणी कधीच करू नका. तिथे प्रत्येक जण आपली आठवण शेजारच्याच्या आठवणीत मिसळतो आणि तासाभराने कुणालाच स्वतःचं नेमकं आठवत नाही.

लिहून घेताना एक प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: वस्तू शेवटची डोळ्यांनी कधी पाहिली? "ठेवली होती" हे उत्तर पुरेसं नाही. काकू आधी म्हणाल्या, "रात्री ड्रॉवरमध्ये ठेवल्या." मी विचारलं, "त्यानंतर पाकीट उघडून पाहिलंत का?" तेव्हा आठवलं की सकाळी १०:३० ला हळदीसाठी निघताना दुसऱ्या बांगड्या काढायला त्यांनी पाकीट उघडलं होतं आणि पाटल्या आत होत्या. म्हणजे आता तपासायची वेळ रात्रीपासूनची नव्हती, सकाळी १०:३० ते दुपारी ४ एवढीच होती. मग दागिन्याचं वर्णन, घडणीची खूण, अंगावर घातलेला एखादा फोटो (लग्नघरात तो हमखास मोबाइलवर असतो), खोलीची कार्डं किती आणि कुणाकडे, हे सगळं त्यांच्याच शब्दांत लिहिलं, वाचून दाखवलं आणि खाली वेळेसह सही घेतली. काकूंनी दुसरं कार्ड "घरातल्यांकडे" असल्याचं सांगितलं. मीही तसंच लिहिलं. तिथेच "कुणाकडे?" असं खोदून विचारायला हवं होतं. ते मी केलं नाही आणि त्यापायी दीड तास गेला.

हे चालू असताना दोन कामं थांबवायची असतात. पहिलं, त्या मजल्यावरचे धुण्याचे कपडे. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल यांची बोचकी, कचऱ्याच्या पिशव्या आणि व्हॅक्यूमची पिशवी हॉटेलबाहेर जाऊ द्यायची नाही. रात्री उशीखाली ठेवलेली साखळी चादरीबरोबर गुंडाळून लाँड्रीत जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. दुसरं, ती खोली डबल लॉक करायची, म्हणजे पाहुण्यांचं किंवा मजल्यावरचं कार्ड चालणार नाही.

खोलीतली शोधाशोध पाहुण्यांसमोर करायची. आपले दोघे जण, त्यातला एक हाउसकीपिंगचा नसलेला. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून मागची पोकळी बघायची, कारण पाकीट तिथे घसरतं. गादी आणि पलंगाच्या डोक्याकडची फट, बाथरूममधली साबणाची कड, कपाटाचा वरचा कप्पा हेही बघायचं. पाहुण्यांच्या बॅगा मात्र त्यांनीच उघडायच्या, आपण हात लावायचा नाही. काय काय तपासलं आणि किती वाजता, ते कागदावर लिहायचं. २०७ मध्ये काही मिळालं नाही. धुण्याच्या बोचक्यांतही नाही.

आता कुलूप. कार्डाच्या कुलपात नोंद असते. ती रीडरने काढता येते आणि कोणतं कार्ड किती वाजता लागलं ते कळतं. पण बहुतेक कुलपांत फक्त बाहेरून उघडल्याची नोंद होते, आतून निघताना होत नाही. म्हणून नुसत्या यादीवरून कोण किती वेळ आत होतं ते समजत नाही, त्यासाठी कॉरिडॉरचा कॅमेरा लागतो. आमच्या यादीत होतं: ११:२५ आणि ११:५८, मजल्यावरच्या मुलाचं कार्ड. १:१० ला पाहुण्यांचं दुसरं कार्ड. ३:५२ ला काकूंचं कार्ड.

दिरांनी हट्ट धरला म्हणून सुरक्षा रक्षकाने मला न विचारताच त्यांना डीव्हीआरवर १:१० ची वेळ लावून दाखवली. पडद्यावर १:१० ला आमचा मुलगा ट्रॉली घेऊन नेमका २०७ समोरून जात होता. झालं. "दार उघडलं तेव्हा हाच तिथे होता" असं त्यांनी पूर्ण लॉबीला ऐकवलं. मुलगा १९ वर्षांचा, सुरगाण्याकडचा. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

मला ते चित्र जुळेना, कारण कार्ड त्याचं नव्हतं. म्हणून मी डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि माझ्या मोबाइलची वेळ एकाच फोटोत येईल असा फोटो काढला. डीव्हीआर १७ मिनिटं पुढे होता. मग २०७ च्या दाराला कार्ड लावलं, मोबाइलवरची वेळ टिपली आणि कुलपाची नोंद पुन्हा वाचली. कुलपाची वेळ बरोबर निघाली. म्हणजे ट्रॉली समोरून गेली ती खरी १२:५३ ला. खरे १:१० बघायचे तर डीव्हीआरवर १:२७ बघायला हवे होते. तिथे हिरव्या साडीतली एक तरुण बाई कार्ड लावून आत गेली आणि दोन मिनिटांत बाहेर आली. मुलाच्या दोन फेऱ्याही नीट जुळल्या. ११:२५ ला आत, ११:४८ ला बाहेर, ११:५८ ला हातात टॉवेल घेऊन पुन्हा आत आणि १२:०६ ला काम संपवून बाहेर. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या जबाबात "टॉवेल कमी पडले म्हणून पॅन्ट्रीत गेलो" असंच होतं, आणि तो जबाब मी फुटेज बघण्याआधी घेतला होता. हा क्रम पाळा. आधी जबाब, मग फुटेज. नाहीतर माणूस पडद्यावर दिसेल तसं आठवायला लागतो.

पुढचं पाऊल सर्वांत नाजूक. ती बाई कोण हे मला माहीत नव्हतं आणि मी अंदाजही बोलून दाखवला नाही. "तुमच्या घरच्याच बाईने नेलं" असं एक वाक्य लग्नघरात पडलं की पाटल्या मिळूनही घर तुटतं. काकूंना एकटं बोलावलं आणि एवढंच म्हटलं, "१:१० ला दार तुमच्या दुसऱ्या कार्डाने उघडलंय. ते आज कुणाकडे होतं, एकदा विचारता का?" त्यांनी सुनेला फोन लावला. सून हॉलवर होती. आहेराच्या साड्या न्यायला ती आली होती, उघड्या ड्रॉवरमध्ये पाकीट दिसलं म्हणून पाटल्या काढून तिने आपल्या खोलीतल्या लॉकरमध्ये ठेवल्या होत्या, आणि हळदीच्या गडबडीत सांगायचं राहिलं. लॉकर तिच्यासमोरच उघडला. ६:१५ वाजले होते.

दागिना मिळाला तरी कागद अर्धवट सोडू नका. काकूंकडून दोन ओळी घेतल्या: वस्तू मिळाली, कुठे मिळाली, हॉटेल किंवा कर्मचाऱ्यांविरुद्ध तक्रार नाही, तारीख, वेळ, सही. तोंडी "राहू द्या आता" यावर थांबलात तर आठ दिवसांनी तिसराच कुणीतरी नातेवाईक इंटरनेटवर तुमच्या हॉटेलातून सोनं जातं असं लिहितो. दिरांनाही मी त्या मुलासमोर बोलवून घेतलं. ते "चुकलं" म्हणाले. मला तेवढं हवं होतं.

वस्तू मिळालीच नसती तर? पाहुण्यांना पोलिसांत जाण्यापासून कधीही परावृत्त करू नका. मी स्वतः बरोबर गेले आहे. ठाण्यात "गहाळ" आणि "चोरी" यांतला फरक लक्षात घ्या. गहाळची नोंद झाली की प्रकरण बहुधा तिथेच थांबतं. चोरीचा संशय असेल तर पाहुण्यांना तसं स्पष्ट लिहून द्यावं लागतं, मग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली एफआयआर होते. चोरी झालीच आहे किंवा झालीच नाही, यातलं काहीही आपण हॉटेलच्या अहवालात लिहायचं नाही. "पाहुण्यांच्या सांगण्यानुसार" एवढेच शब्द. भरपाईचं आश्वासन त्या दिवशी देऊ नका, आणि "आमची जबाबदारी नाही" असंही म्हणू नका.

फुटेज त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर उतरवा, संशयाच्या वेळेच्या आधीपासून नंतरपर्यंत, सलग. डिस्क भरली की डीव्हीआर जुनं पुसून त्यावरच लिहितो, आणि लहान हॉटेलांत ते दोन-तीन आठवड्यांतही होतं. पुढे ते कोर्टात जाणार असेल तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. घड्याळातला फरक अहवालात स्पष्ट लिहून, फोटो जोडून ठेवा. पोलिसांना प्रत देताना पोच घ्या. पाहुण्यांना मात्र फुटेजची प्रत देऊ नका, त्यात इतर पाहुणेही असतात.

"मौल्यवान वस्तूंची जबाबदारी हॉटेलची नाही" या भिंतीवरच्या फलकावर फार विसंबू नका. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलच्या ताब्यात दिलेल्या गाडीच्या चोरीबाबत सांगितलं की स्वतःचा निष्काळजीपणा असेल तर "मालकाच्या जोखमीवर" ही अट हॉटेलला वाचवत नाही. खोलीत ठेवलेला दागिना तुमच्या ताब्यात दिलेला नसतो, त्यामुळे बाब तंतोतंत सारखी नाही. पण मजल्याचं कार्ड कुणालाही मिळतं, कॅमेरा बंद आहे, कुलपाची नोंद निघत नाही, असं असेल तर फलक तुमच्या बाजूने काही बोलणार नाही. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, म्हणून अशी फाइल किमान तेवढी वर्षं सांभाळा.

तुमच्या १८ खोल्यांत साधी चावी असेल तर कुलपाची नोंद मिळणार नाही. मग एक वही ठेवा: मजल्याची चावी कुणी, किती वाजता घेतली, किती वाजता परत दिली, सही. आणि आज घरी जायच्या आधी डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी ताडून बघा.